हप्ता कोणत्या खात्यातून आला?

‘साहेब, मी आता नोकरीसाठी जर्मनीत आलो आहे. माझा नवा मोबाइल नंबर नोंदवून घ्यावा. हप्ता वडील नेहमीप्रमाणे भरतील. कळावे.’

परदेशी गेलेली मुलंमुली विमा शाखेला लिहितात तेव्हा साधारण असंच लिहितात. मनात काही लपवायचं नसतं, कामाची घाई असते आणि विमा हा दूर गावी राहिलेला विषय असतो. पण शाखेतल्या टेबलावर बसलेला माणूस या चार ओळींचं फारसं काही करू शकत नाही. पॉलिसी क्रमांक नाही. मेल नोंदणीकृत पत्त्यावरून आलेला नाही. जुना नंबर काढायचा की ठेवायचा, ते कळत नाही. परदेशातला पत्ता नाही. आणि ‘वडील भरतील’ हे तिसरं वाक्य तर असं आहे, की त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो पॉलिसी पिकेल त्या वर्षी दिसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा सांगलीचा एक अभियंता पुण्यात नोकरीला असताना त्यानं २१ वर्षांची, १० लाखांची एन्डोमेंट पॉलिसी घेतली. हप्ता वर्षातून एकदा, मार्चमध्ये, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून तो ५०,००० रुपये धरू. सात हप्ते त्यानं भारतात असताना भरले आणि मग तो श्टुटगार्टला नोकरीसाठी गेला. अजून चौदा हप्ते बाकी आहेत. पॉलिसी रुपयांतली आहे आणि रुपयांतलीच राहणार. परदेशी गेल्यामुळे ती बंद होत नाही, तिचं संरक्षणही जात नाही. बदलतात त्या दोन गोष्टी: कंपनीनं त्याला गाठायचं कुठे, आणि त्याचे पैसे येणार कुठून.

पहिली गोष्ट वाटते तितकी साधी नाही. आजकाल विम्याचं बरंचसं काम मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर चालतं. पोर्टलवर लॉगिन, पत्त्यातला बदल, बँक खात्याची नोंद, कर्जाचा अर्ज, सगळीकडे तो लागतो. परदेशी गेलेला माणूस भारतातलं सिमकार्ड काही महिने जपतो, मग रिचार्ज राहून जातो. बराच काळ न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करते, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे आपल्या पॉलिसीवर नोंदलेल्या नंबरावर उद्या नागपूरचा एखादा अनोळखी माणूस ‘हॅलो’ म्हणू शकतो, आणि हप्ता थकल्याचा एसएमएस त्याला जाऊ शकतो. म्हणून नवा नंबर कळवताना जुना काढून टाकायला स्पष्ट सांगावं लागतं.

मग वडिलांचा नंबर द्यावा का? पुष्कळ जण तेच करतात. मला ते पटत नाही. त्यानं ओटीपीचा अधिकार वडिलांच्या फोनवर जातो. सत्तरीच्या माणसाला ‘विमा कंपनीतून बोलतोय, बोनस अडकलाय’ असं सांगणारे फोन येतात तेव्हा नेमका तोच फोन त्यांच्या हातात असतो. परदेशी देशसंकेतांकासह आपलाच नंबर द्यावा आणि मुख्य भिस्त ई-मेलवर ठेवावी. काही कंपन्यांच्या यंत्रणेत परदेशी नंबर बसतो, काहींच्या बसत नाही. बसत नसेल तर ओटीपी ई-मेलवर मिळेल का, हे पत्रातच विचारावं. ई-मेल मात्र कधीही ऑफिसचा देऊ नये. नोकरी बदलली की तो पत्ता दुसऱ्या दिवशी बंद होतो.

पत्त्याचंही तसंच. कंपनी टपाल पाठवते ते पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर. जर्मनीत टपाल घरक्रमांकापेक्षा दारावरच्या पेटीवर लिहिलेल्या नावावर पोहोचतं. कुणाच्या घरात भाड्यानं खोली घेऊन राहत असाल आणि पेटीवर घरमालकाचंच नाव असेल, तर ‘द्वारा’ म्हणून ते नाव पत्त्यात लिहावं लागतं. नाहीतर पत्र परत भारतात येतं आणि पॉलिसीवर ‘पत्ता सापडत नाही’ अशी खूण पडते. एकदा का संपर्क तुटला, की अधल्यामधल्या वर्षी मिळणारी रक्कम, मुदतपूर्तीची रक्कम, परत करायचा जास्तीचा भरणा, सगळं ‘दावा न केलेली रक्कम’ या खात्यात जाऊन बसतं. विमा कंपन्यांना त्यांच्या वेबसाइटवर अशा रकमा शोधण्याची सोय ठेवावी लागते, आणि दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ते पैसे केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात. त्यानंतरही ठरावीक मुदतीत हक्क सांगता येतो, पण वाट लांबते.

नवा पत्ता खरा आहे, हे दाखवणारा कागद लागतो. जर्मनीत राहायला गेलेल्या प्रत्येकाला गावच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याचा दाखला मिळतो. तो दाखला चालतो, पण तो जर्मन भाषेत असतो. सांगलीच्या शाखेतल्या कारकुनानं तो वाचावा अशी अपेक्षा करता येत नाही. त्याचा इंग्रजी अनुवाद जोडावा. पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याच्या प्रतीही लागतात, आणि त्या भारतीय वकिलातीतून, तिथल्या नोटरीकडून किंवा बँकेकडून साक्षांकित करून मागितल्या जातात. यातलं कोणतं साक्षांकन चालेल, ते कंपनीगणिक बदलतं. वकिलातीची वेळ मिळवून, दिवस मोडून काम करण्याआधी शाखेला एका ओळीत विचारून घेणं शहाणपणाचं.

आणखी एक कागद बहुतेकांना अनपेक्षित असतो. तुम्ही कोणत्या देशात करदाते आहात, याचं स्वयंघोषणापत्र. करविषयक माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या देशांत भारत आणि जर्मनी दोन्ही आहेत, आणि रोख मूल्य साठत जाणारी विमा पॉलिसी ही त्या माहितीत मोजली जाते. त्यामुळे पत्ता परदेशी झाला की कंपनी तिथला कर-ओळख क्रमांक मागते. जर्मनीत तो अकरा अंकी असतो आणि पत्ता नोंदवल्यावर टपालानं घरी येतो. हा क्रमांक दिल्यानं आपोआप कर लागत नाही. दिला नाही तर मात्र बदलाचा अर्ज अडून राहतो.

इथवर झाली ओळखीची बाजू. आता पैशांची.

परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९९९ च्या फेमाप्रमाणे, नोकरीसाठी देश सोडून गेलेला माणूस गेल्या दिवसापासूनच अनिवासी ठरतो. आयकराच्या कायद्यात मात्र त्या वर्षी किती दिवस भारतात काढले, ते मोजतात. या दोन मोजमापांची गल्लत होते आणि ‘अजून सहा महिने झाले नाहीत, मी निवासीच आहे’ असं म्हणून लोक जुनं बचत खातं तसंच वापरत राहतात. बँकेच्या दृष्टीनं ते चालत नाही. ते खातं अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ करून घ्यावं लागतं. भारतातलं भाडं, लाभांश, जुन्या ठेवीचं व्याज असं इथलं उत्पन्न या खात्यात येतं. याशिवाय परदेशातली कमाई भारतात आणून ठेवायची तर अनिवासी बाह्य, म्हणजे एनआरई खातं उघडता येतं. दोन्ही खाती रुपयांतच असतात. फरक पैसे परत नेण्याचा आहे. एनआरईमधली रक्कम परदेशी पुन्हा मोकळेपणानं नेता येते आणि तिचं व्याज भारतात करमुक्त असतं. एनआरओमधून बाहेर न्यायला आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा आहे, कर भरल्याचे फॉर्म द्यावे लागतात आणि बहुतेक वेळा चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्रही.

विम्याशी या फरकाचा संबंध काय, तो इथे येतो. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की परदेशात राहणाऱ्या माणसाला रुपयांतल्या पॉलिसीचे पैसे परदेशी चलनात हवे असतील, तर ते एकूण हप्त्यांपैकी जेवढे हप्ते परदेशी चलनातून आले, तेवढ्याच प्रमाणात देता येतात. एनआरई खात्यातून भरलेला हप्ता परदेशी चलनातून आलेला मानतात. एनआरओमधून भरलेला, किंवा भारतात कुणी रुपयांत भरलेला, मानत नाहीत. परदेशी चलनाच्या वाट्याची रक्कम एनआरई खात्यात किंवा थेट परदेशी जाऊ शकते. उरलेली एनआरओ खात्यात जमा होते.

आपल्या अभियंत्याचा हिशेब करू. मुदतपूर्तीला बोनस धरून २० लाख रुपये मिळाले, असं समजा. त्याचे सात हप्ते निवासी असताना रुपयांत गेले. ते आता बदलता येणार नाहीत. उरलेले चौदाही हप्ते त्यानं एनआरईमधून भरले, तर २१ पैकी १४, म्हणजे दोन तृतीयांश रक्कम परदेशी चलनाच्या वाट्याची. ती सुमारे १३,३३,००० रुपये होते. आता दुसरी शक्यता. पहिली पाच वर्षं ‘वडील भरतील’ असंच चाललं आणि मग त्यानं एनआरई मँडेट दिला. परदेशी चलनाचे हप्ते नऊच राहिले. २१ पैकी नऊ, म्हणजे सुमारे ८,५७,००० रुपये. त्या एका वाक्यानं पावणेपाच लाखांहून जास्त रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. ती बुडाली नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं. ती एनआरओत आहे, मर्यादेत परदेशीही नेता येईल. पण त्यासाठी कागद, कराचा हिशेब आणि सनदी लेखापाल लागेल. म्हातारपणी सांगलीला परतायचंच ठरलं असेल, तर हा फरक त्याला महत्त्वाचा नाही. श्टुटगार्टला घर घेतलं असेल, मुलं तिथं शिकत असतील, तर आहे.

वडिलांनी भरण्यात आणखी एक अडचण असते. पैसे कुठून येतात यावर विमा कंपन्यांना नजर ठेवावी लागते, त्यामुळे तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेला हप्ता त्या सहसा पसंत करत नाहीत. वडील तिऱ्हाईत कसे, असं आपल्याला वाटतं; पण पॉलिसीधारकाच्या नावाचं खातं नसलं की नात्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो किंवा रक्कम परत येऊ शकते.

मग हप्ता नेमका पाठवायचा कसा? दोन वाटा आहेत. पहिली, जर्मन बँकेतून थेट विमा कंपनीच्या खात्यात आंतरराष्ट्रीय बदलीनं पैसे पाठवणं. वाट सरळ दिसते, आणि तिच्यातच सर्वांत जास्त घोळ होतो. समजा त्या दिवशी युरो १०० रुपयांना आहे. अभियंत्यानं बरोबर ५०० युरो पाठवले. मधल्या बँकेनं आपलं शुल्क म्हणून १५ युरो कापून घेतले. भारतात ४८,५०० रुपये पोहोचले. हप्ता ५०,००० चा. विमा कंपनी अपुरा हप्ता जमा करून घेत नाही. ती रक्कम पॉलिसीच्या नावानं नुसती ठेव म्हणून पडून राहते, आणि पाठवणाऱ्याला वाटतं हप्ता गेला. संदेशाच्या रकान्यात पॉलिसी क्रमांक लिहायचा राहिला असेल तर ती ठेव कुणाची, हेही कळत नाही.

वार्षिक हप्त्याला सवलतीचे दिवस साधारण ३० असतात, मासिक हप्त्याला १५. त्या काळात संरक्षण चालू राहतं. ते संपले आणि पूर्ण हप्ता जमा झाला नाही, की पैसे कंपनीकडे पडून असूनही पॉलिसी लॅप्स होते. चालू करायची तर थकीत हप्ता, त्यावरचं व्याज आणि तब्येतीचं निवेदन. वैद्यकीय तपासणी मागितली तर ती परदेशात करून, साक्षांकित करून पाठवायची. १,५०० रुपयांच्या तुटीपोटी हे सारं. थेटच पाठवायचे असतील, तर बदलीचा सगळा खर्च पाठवणारा सोसेल असा पर्याय बँकेत निवडावा, थोडी रक्कम जास्त पाठवावी, आणि भारतात पैसे पोहोचल्याची सूचनापत्रिका बँकेकडून मागून घ्यावी. हप्ता परदेशी चलनातून आल्याचा तोच पुरावा असतो.

दुसरी वाट जास्त भरवशाची. पगारातून हप्त्याच्या काही आठवडे आधी थोडी जास्तीची रक्कम स्वतःच्या एनआरई खात्यात आणून ठेवावी आणि हप्ता तिथून रुपयांत भरावा, शक्य असल्यास नाच मँडेटनं, म्हणजे ठरलेल्या दिवशी खात्यातून आपोआप वळता होईल असा. युरोचा भाव काय, मधल्या बँकेनं किती कापलं, हे सगळं एनआरई खात्यात पैसे येतानाच आटोपतं. कंपनीला पोहोचतात ते बरोबर ५०,०००. रक्कम किती ते मात्र दरवर्षी हप्त्याच्या सूचनेत पाहावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला, तेव्हा अनेकांच्या हप्त्याचा आकडा खाली आला.

या वाटेवर दोन जागी अडखळायला होतं. एक म्हणजे जुना मँडेट. पुण्यात असताना बचत खात्यावर दिलेला मँडेट ते खातं एनआरओ झाल्यावर चालेलच असं नाही. खातं बदलताना क्रमांक बदलला तर तो हमखास फुटतो. आणि फुटला नाही तर आणखी अवघड, कारण हप्ते गुपचूप एनआरओतून जात राहतात आणि परदेशी चलनाचा वाटा वाढत नाही. म्हणून नवा मँडेट देताना जुना रद्द करायला लेखी सांगावं. दुसरी जागा पावतीची. हप्त्याच्या पावतीवर बहुतेक वेळा ‘ऑनलाइन’ किंवा ‘नाच’ एवढंच छापलेलं असतं. पैसे एनआरईमधून आले की एनआरओमधून, हे पावती सांगत नाही. वीस वर्षांनी शाखेतला माणूस विचारेल तेव्हा ते सांगायचं काम तुमच्या बँक विवरणाचं आणि बँकेच्या दाखल्याचं. फार जुनी विवरणं बँकेकडून मिळवणं कष्टाचं असतं. म्हणून दर मार्चच्या शेवटी पावती आणि त्या महिन्याचं एनआरई विवरण एकत्र एका फाइलमध्ये ठेवलं, की काम झालं. खातं एनआरई असल्याची नोंद शाखेनं पॉलिसीवर करून घेतली असेल, तर पुरावा आणखी पक्का.

हे सगळं ध्यानात ठेवून आपला अभियंता पत्र पुन्हा लिहितो. आधी नोंदलेल्या ई-मेलवरून पाठवतो, कारण नव्या पत्त्यावरून आलेल्या ‘माझा पत्ता बदला’ या मेलवर कुणी विश्वास ठेवू नये, असाच नियम हवा. सही पॉलिसीच्या अर्जावर होती तशीच करतो. मजकूर असा:

मा. शाखाधिकारी यांस,
स. न.

विषय: पॉलिसी क्रमांक ......... : संपर्क तपशिलातील बदल व परदेशातून हप्ता भरण्याविषयी

वरील पॉलिसी माझ्या नावे असून तिची सेवा आपल्या शाखेकडे आहे. माझी जन्मतारीख ......... आहे. मी नोकरीसाठी दि. ......... पासून जर्मनीत राहत असून परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी आहे. कृपया पॉलिसीवरील माझा दर्जा तसा नोंदवावा.

पत्रव्यवहाराचा पत्ता यापुढे जर्मनीतील ......... हा असावा. सांगलीचा पत्ता माझा कायमचा पत्ता म्हणून राहू द्यावा. मोबाइल क्रमांक ......... (देशसंकेतांकासह) नोंदवावा आणि आधीचा भारतीय क्रमांक काढून टाकावा. ई-मेल तोच राहील. आपल्या यंत्रणेत परदेशी क्रमांक नोंदवता येत नसल्यास ओटीपी ई-मेलवर मिळेल का, ते कळवावे.

यापुढील सर्व हप्ते मी माझ्या स्वतःच्या एनआरई खात्यातून भरणार आहे. खात्याचा तपशील व बँकेचा दाखला सोबत आहे. नाच मँडेट भरून जोडला आहे. बचत खात्यावरील जुना मँडेट रद्द करावा. हे हप्ते परदेशी चलनातून भरलेले आहेत अशी नोंद पॉलिसीवर व्हावी, ही विनंती. आजवरचे सात हप्ते मी निवासी असताना रुपयांत भरले आहेत.

नवा मँडेट कार्यान्वित होईपर्यंत मार्चचा हप्ता मी एनआरई खात्यातून पोर्टलवर स्वतः भरेन. कृपया जुन्या खात्यातून तो पुन्हा वळता होऊ नये.

सोबत: पासपोर्ट, राहण्याचा परवाना, पत्त्याचा दाखला इंग्रजी अनुवादासह, करदात्याचे स्वयंघोषणापत्र, एनआरई खात्याचा रद्द केलेला धनादेश.

बदल नोंदवल्याची पोच मिळावी.

आपला विश्वासू,
.........

या पत्रात एक वाक्य मुद्दाम आहे: आजवरचे सात हप्ते रुपयांत भरले, ही कबुली. ती दिल्यानं त्याचं काही जात नाही, कारण कंपनीला ते माहीतच आहे. पण मुदतपूर्तीच्या वेळी कोणते हप्ते कुठले यावर वाद झाला, तर एका कागदावर रेषा आखलेली सापडते: इथवर रुपये, इथून पुढे परदेशी चलन.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. लग्नानंतर नॉमिनी आईऐवजी बायकोचं नाव लावायचं असेल, तर त्याचा अर्ज वेगळा असतो; तो याच पत्रात घुसडला की पत्र दोन टेबलांमध्ये अडकतं. पण तो अर्ज करताना एक विचार करावा. दाव्याचे पैसे कोणाला मिळतात आणि ती व्यक्ती कुठे राहते, यावरही प्रमाणाचा नियम लागू होतो. नॉमिनी आई सांगलीत असेल, तर रक्कम रुपयांत मिळेल आणि परदेशी वाट्याचा प्रश्नच येणार नाही. बायको श्टुटगार्टमध्ये असेल, तर तिलाही तोच हिशेब करावा लागेल. म्हणून फाइल कुठे आहे, हे तिला माहीत हवं.

पोच आली म्हणजे बदल झाला, असं धरू नये. दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पोर्टलवर लॉगिन करून नवा नंबर आणि पत्ता दिसतो का. आणि पुढची पावती नव्या पत्त्यासह येते का, तिच्या दिवशी पैसे एनआरईच्याच विवरणात वजा झाले का. पहिल्या मार्चला हे तपासून घेतलं, तर चूक एका हप्त्याची राहते. पाच वर्षांनी तपासली तर पाच हप्त्यांची होते, आणि गेलेले हप्ते मागाहून एनआरईचे करता येत नाहीत.

शेवटचा बदल परतीचा. अभियंता दहा वर्षांनी कायमचा पुण्याला आला, तर फेमाप्रमाणे तो पुन्हा निवासी होतो. एनआरई खातं तसंच चालवता येत नाही. ते निवासी खात्यात बदलावं लागतं. त्या दिवशी मँडेटही फुटू शकतो, अगदी जाताना फुटला होता तसाच. म्हणून हेच पत्र उलट्या दिशेनं पुन्हा लिहायचं: दर्जा निवासी, पत्ता पुण्याचा, नंबर भारतीय, हप्ता नव्या निवासी खात्यातून. ते शाखेत मार्चच्या हप्त्याआधी, सवलतीचे दिवस हाताशी असतानाच पोहोचायला हवं.